जुन्या पेपरांतले के-मॅप: सरावपुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट

डिप्लोमाच्या तिसऱ्या सत्राला 'डिजिटल टेक्निक्स' शिकवते. के-मॅपची, म्हणजे लॉजिक फंक्शन लहान करायच्या कार्नॉ नकाशाची, सरावपुस्तिका करायचं दोन वर्षं मनात होतं, आज बसले. पुस्तिकेत नवे प्रश्न घालायचे नाहीत. जुन्या पेपरांत जे पुन्हा पुन्हा आले तेच घ्यायचे आणि प्रत्येक प्रश्नावर मुलं नेमकी कुठे अडतात ते शेजारी लिहायचं.

ग्रंथालयातून १४ पेपर आणले. त्यातले के-मॅपचे प्रश्न वहीत उतरवले तेव्हा ३८ भरले. कुठले पुन्हा आलेत ते नजरेनेच कळेल असं वाटलं होतं, पण तसं झालं नाही. एका पेपरात असं होतं:

```
F(A,B,C,D) = Σm(0,1,2,5,8,9,10)
```

आणि दुसऱ्यात असं:

```
F(A,B,C,D) = ΠM(3,4,6,7,11,12,13,14,15)
```

बराच वेळ मी हे दोन वेगळे प्रश्न धरून चालले होते. पहिल्यात १ कुठे आहेत ते दिलंय, दुसऱ्यात ० कुठे आहेत ते. दोन्ही याद्या एकत्र केल्या की ० ते १५ पूर्ण होतात, म्हणजे फंक्शन तेच. तिसऱ्या एका पेपरात हेच फंक्शन W, X, Y, Z घेऊन आलं होतं, तर चौथ्यात सात मिनटर्मची लांबलचक बेरीज लिहून दिली होती.

मग ओळखण्यासाठी एक युक्ती केली. प्रत्येक प्रश्नाची १६ अक्षरांची एक पट्टी लिहायची: ० पासून १५ पर्यंत क्रमाने, जिथे १ तिथे १, जिथे ० तिथे ०, डोन्ट केअर असेल तिथे x. वरच्या चारही प्रश्नांची पट्टी एकच निघते:

```
1110 0100 1110 0000
```

पट्ट्या जुळवल्यावर ३८ चे १७ झाले. मुलांना पुस्तिकेतलं पहिलं काम हेच देणार आहे. सोडवायला बसण्याआधी पट्टी लिहायची. ΠM मधल्या घरांत चुकून १ भरायची सवय त्याने आपोआप मोडेल, कारण पट्टी लिहिताना 'ही यादी कशाची आहे' हे स्वतःला विचारावंच लागतं.

६ ऑगस्ट

आज त्याच पहिल्या प्रश्नाचं पान तयार केलं. नकाशात ०, २, ८ आणि १० ही घरं चार कोपऱ्यांत बसतात आणि तिथली चौकडी बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मुलं ० आणि २ ची एक जोडी करतात, ८ आणि १० ची दुसरी. मी कागद आधी उभा गुंडाळून दाखवते, मग आडवा. डावी कड उजव्या कडेला चिकटते, वरची खालच्या कडेला, आणि चारही कोपरे एका ठिकाणी येतात. हे हाताने करून पाहिलेल्या मुलाला पुन्हा सांगावं लागत नाही.

कोपऱ्यांचा गट `B'D'`. ०, १, ८, ९ यांचा `B'C'`. उरतो ५; तो १ बरोबर जोडला की `A'C'D`. म्हणून

```
F = B'D' + B'C' + A'C'D
```

हाच प्रश्न 'पीओएस रूपात द्या', म्हणजे बेरजांचा गुणाकार करून द्या, असं विचारतात तेव्हा शून्यांचे गट करायचे: `CD`, `AB` आणि `BD'`. हे तीन गट `F'` चे आहेत. त्यांची बेरीज उलटवली की

```
F = (A'+B')(C'+D')(B'+D)
```

पहिल्या उत्तरात सात अक्षरं लागली, दुसऱ्यात सहा. म्हणजे याच फंक्शनला पीओएस रूप थोडं स्वस्त पडतं. तपासल्याशिवाय हे कळत नाही, त्यामुळे प्रश्नात रूप सांगितलं नसेल तर दोन्ही करून पाहावं असं पानावर लिहिलं.

इथली नेहमीची चूक म्हणजे शून्यांचा गट `AB` पाहून सरळ `(A+B)` लिहिणं. ती पकडायला एकच घर पुरतं. १५ या घरात शून्य आहे आणि तिथे चारही अक्षरं १ असतात. `(A+B)` तिथे १ देतो, `(A'+B')` मात्र ० देतो. शून्याच्या घराला आपला कंस शून्यच द्यायला हवा.

११ ऑगस्ट

आजची नोंद जरा लांबणार, कारण वर्गात जे झालं ते पुस्तिकेत जसंच्या तसं घ्यायचं आहे.

तीन चलांचा प्रश्न दिला होता, `Σm(1,2,5,6)`. मधल्या बाकावरची एक मुलगी वही घेऊन आली. "मॅडम, चारचा गट मिळाला, पण उत्तरात काहीच उरत नाही. A बदलतो, B बदलतो, C पण बदलतो. मग उत्तर १ लिहू का?"

तिच्या नकाशाचे स्तंभ ००, ०१, १०, ११ असे होते. त्या मांडणीत १ आणि २ खरोखरच शेजारी दिसतात, त्यांच्या खाली ५ आणि ६, आणि डोळ्याला चांगला चौकोन दिसतो. पण १ म्हणजे `001` आणि २ म्हणजे `010`, त्यांच्यात दोन बिट वेगळे आहेत. नकाशाचं सगळं बळ शेजारच्या घरांत एकच बिट बदलण्यात आहे. एक बिट बदलला तर `X + X' = 1` लावून एक अक्षर गळतं, दोन बिट बदलले तर काहीच गळत नाही. म्हणून क्रम ००, ०१, ११, १० असा हवा. एडवर्ड व्हीच यांनी १९५२ साली असा तक्ता मांडला. पुढच्याच वर्षी बेल लॅब्समधल्या मॉरिस कार्नॉ यांनी त्यात सुधारणा करून घरं ग्रे कोडच्या क्रमाने लावली आणि आपण आज तीच मांडणी वापरतो.

तिचा प्रश्न मात्र चांगला होता, कारण आपलं काहीतरी चुकलंय हे तिला उत्तरावरूनच जाणवलं होतं. त्यातून एक तपासणी निघते. तीन चलांत चारच्या गटाला नेमकं एक अक्षर उरलं पाहिजे, दोनच्या गटाला दोन. चार चलांत दोनच्या गटाला तीन, चारच्या गटाला दोन, आठच्या गटाला एक. अक्षरं कमी-जास्त उरली तर तो गटच खोटा. योग्य नकाशावर तिला दोन उभ्या जोड्या मिळाल्या, `B'C + BC'`, म्हणजे एक्सऑर.

ती जाग्यावर जाता जाता म्हणाली, "पण मॅडम, क्लासमध्ये सांगितलं होतं की दोन आकड्यांतला फरक १, २, ४ किंवा ८ असला की जोडी होते. १ आणि २ मध्ये फरक १ च आहे की."

नियम अर्धा सांगितला गेला होता. फरक १, २, ४ किंवा ८ असणं गरजेचं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. मोठ्या आकड्याच्या बायनरीत लहान आकड्यापेक्षा नेमका एकच १ जास्त असला पाहिजे. १ आणि २ दोघांतही एकेकच १ आहे, म्हणून जोडी नाही. ३ आणि ४ मध्येही फरक एकच, पण ३ मध्ये दोन १ आहेत आणि ४ मध्ये एक. १ आणि ५ पाहा: फरक ४, `001` आणि `101`, मोठ्यात एक १ जास्त. ही खरी जोडी. दोन्ही अटी पाळल्या तर नकाशा न काढताही जोडी पक्की ठरते. क्वाइन-मॅक्लस्की पद्धतीत आधी १ च्या संख्येप्रमाणे आकडे लावून घेतात ते याचसाठी.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर दोन मुलं थांबली. त्यांचं सकाळपासून वाजलं होतं. प्रश्न जुन्या पेपरांत सर्वांत जास्त वेळा भेटलेला:

```
F(A,B,C,D) = Σm(1,3,7,11,15) + d(0,2,5)
```

एकाचं उत्तर `CD + A'B'`, दुसऱ्याचं `CD + A'D`. एकाच्या गाइडात पहिलं छापलेलं, दुसऱ्याने स्वतः सोडवलेलं. गाइडवाला म्हणत होता, "छापलंय तेच बरोबर."

दोन्ही बरोबर आहेत. ३, ७, ११, १५ यांचा उभा स्तंभ `CD` मध्ये येतो आणि त्यानंतर १ हे एकच घर उरतं. त्याला ०, १, २, ३ च्या ओळीत घेतलं तर `A'B'`, आणि १, ३, ५, ७ मध्ये घेतलं तर `A'D`. दोन्ही गट चारचे, दोन्हींची किंमत सारखी. ही दोन उत्तरं बीजगणिताने मात्र एकमेकांसारखी नाहीत. पहिलं ० आणि २ या घरांत १ देतं आणि ५ मध्ये ०. दुसरं नेमकं त्याच्या उलट. मुलांना हे खटकतं. 'दोन वेगळी फंक्शनं आणि दोन्ही उत्तरं बरोबर, हे कसं?' असं दुसऱ्याने विचारलंच. ती तीन घरं प्रत्यक्षात कधी येणारच नाहीत किंवा आली तरी आउटपुट काहीही चालेल, असं प्रश्नानेच सांगितलंय. त्यामुळे उत्तरं फक्त उरलेल्या १३ घरांत जुळायला हवीत, आणि तिथे ती जुळतात.

सर्किट बांधायचं झालं तर मी दुसरं उत्तर घेईन. पहिल्याला `A'` आणि `B'` असे दोन इन्व्हर्टर लागतात, दुसऱ्याला एकच. शिवाय त्यातून `D` बाहेर काढता येतो आणि `D(A'+C)` असं तीन अक्षरांत काम होतं. शून्यांचे गट करून पीओएस काढलं तरी हेच येतं.

दोघे गेल्यावर तिसऱ्या एका मुलाची वही पाहिली. त्याने `CD + A'B' + A'D` लिहिलं होतं. का, तर 'एकही x सुटू नये म्हणून.' डोन्ट केअर घर झाकायची सक्ती नाही. गट मोठा होत असेल तरच ते मदतीला घ्यायचं, नाही तर शून्य समजून सोडून द्यायचं. हे वाक्य पानाच्या डोक्यावर ठळक अक्षरात जाणार.

१८ ऑगस्ट

उत्तरं तपासायला संध्याकाळी पायथनमध्ये छोटं फंक्शन लिहिलं. सतरा प्रश्न, प्रत्येकाची दोन-दोन रूपं. हाताने ट्रुथ टेबल भरताना माझ्याच चुका होऊ लागल्या होत्या.

```python
def tapasa(f, ones, dc=()):
    for n in range(16):
        if n in dc:
            continue
        a, b, c, d = n>>3 & 1, n>>2 & 1, n>>1 & 1, n & 1
        if bool(f(a, b, c, d)) != (n in ones):
            print("चूक, घर:", n)
```

काहीच छापलं नाही तर उत्तर जुळलं. पुस्तिकेतली माझी दोन उत्तरं यातून चुकीची निघाली, दोन्हीकडे १० आणि ११ च्या घरांची अदलाबदल झाली होती. शेवटच्या ओळीत ८, ९, ११, १० असा क्रम आहे हे इतकी वर्षं शिकवूनही हात घाईत ८, ९, १०, ११ असं भरतो.

मग परवाच्या मुलाचं `CD + A'B' + A'D` घालून पाहिलं. काहीच छापलं नाही. साहजिकच आहे. जादा गट घेतल्याने फंक्शन बिघडत नाही, म्हणून कोडच्या लेखी ते उत्तर बरोबर. पेपरात मात्र प्रश्न 'कमीत कमी रूपात आणा' असा असतो. ट्रुथ टेबल जुळणं आणि उत्तर सर्वांत लहान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तपासायला माझ्याकडे अजून काही नाही.

२१ ऑगस्ट

ती दुसरी गोष्ट तपासायला जुन्या पेपरांतला हा प्रश्न सर्वांत उपयोगी पडला:

```
F(A,B,C,D) = Σm(1,5,6,7,11,12,13,15)

AB\CD   00  01  11  10
00       0   1   0   0
01       0   1   1   1
11       1   1   1   0
10       0   0   1   0
```

वर्गात फळ्यावर काढला आणि पहिला गट कोणता घ्याल ते विचारलं. सगळ्यांचं एकच उत्तर आलं: मधली चौकडी ५, ७, १३, १५, म्हणजे `BD`. 'आधी मोठ्यात मोठा गट' हे त्यांना पाठ असतं, आणि खरं सांगायचं तर मीही सुरुवातीची काही वर्षं तसंच शिकवत होते. चौकडी झाल्यावर चार १ बाहेर उरतात: १, ६, ११, १२. प्रत्येकाला जोडी हवी, म्हणून आणखी चार गट. मुलांचं उत्तर पाच पदांचं आलं:

```
BD + A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

आता उलट बाजूने पाहायचं. मोठा गट शोधायच्या आधी सर्वांत एकटा १ शोधायचा. १ या घराचे शेजारी ०, ३, ५ आणि ९. त्यातल्या फक्त ५ मध्ये १ आहे. म्हणजे १ ला झाकायचं तर १-५ ही जोडी घ्यावीच लागणार, दुसरा मार्गच नाही. ६ ला फक्त ७. १२ ला फक्त १३. ११ ला फक्त १५. या चार जोड्या टळत नाहीत. त्या घेऊन झाल्या आणि नकाशाकडे पाहिलं तर मधली चारही घरं आधीच झाकली गेलीत. `BD` ला स्वतःचं असं एकही घर राहिलं नाही, ती सोडून द्यायची.

```
F = A'C'D + A'BC + ABC' + ACD
```

वर्गात क्षणभर शांतता होती. मग मागून एकाने विचारलं, "मॅडम, मग मोठा गट घ्यायचा नियम चुकीचा का?" नियम चुकीचा नाही, त्याची जागा चुकली. एखादा १ झाकायला घेतला की *त्याचा* गट जेवढा वाढवता येईल तेवढा वाढवायचा, ही त्या नियमाची जागा. सुरुवात कुठून करायची हे मात्र एकटा १ ठरवतो. जो गट एखाद्या १ चा एकमेव आधार आहे त्याला पुस्तकांत इसेन्शियल प्राइम इम्प्लिकंट म्हणतात. मुलं ही व्याख्या पाठ करून दोन गुणांसाठी लिहितात आणि पुढच्याच प्रश्नात नकाशा सोडवताना वापरत नाहीत.

पुस्तिकेत दोन सूचना घातल्या. एक, सोडवताना प्रत्येक १ शेजारी पेन्सिलीने त्याच्या १ असलेल्या शेजाऱ्यांची संख्या लिहायची आणि कमी संख्येपासून सुरुवात करायची. वरच्या नकाशात चार घरांजवळ १ येतो आणि मधल्या चार घरांजवळ ३; कुठून सुरू करायचं ते कागदच सांगतो. दोन, शेवटी प्रत्येक गटावर बोट ठेवून 'फक्त तुझंच असं घर कोणतं?' असं विचारायचं. घर दाखवता आलं नाही तर तो गट खोडायचा. परवाच्या मुलाचा जादा गटही याने सापडतो: १ हे घर `A'B'` आणि `A'D` दोघांतही आहे, त्यामुळे दोघांपैकी एकाला निरोप देता येतो.

२४ ऑगस्ट

'फक्त तुझंच घर कोणतं' ही कसोटी पुरेशी आहे असं धरून चालले होते. आज तीन चलांच्या एका प्रश्नाने थांबवलं.

```
F(A,B,C) = Σm(0,1,2,5,6,7)
```

इथे एकटा १ नाहीच. सहाही घरांना नेमके दोन-दोन शेजारी. ०-१, १-५, ५-७, ७-६, ६-२, २-० अशी गोल साखळी होते, फुगडीत हात धरावेत तशी. एकही गट अटळ नाही, म्हणून सुरुवात आपण निवडायची. मी वहीत पहिल्याच झटक्यात असं लिहिलं होतं:

```
F = A'B' + B'C + AB + BC'
```

ट्रुथ टेबल जुळतं. मग बोट ठेवून विचारलं. `A'B'` चं स्वतःचं घर ०, `B'C` चं ५, `AB` चं ७, `BC'` चं २. प्रत्येकाकडे उत्तर आहे, एकही गट काढता येत नाही. तरी उत्तर लहान नाही! साखळीतली एक सोडून एक जोडी घेतली तर तिघांतच काम होतं:

```
F = A'B' + AC + BC'
F = A'C' + B'C + AB
```

दोन्ही तितकीच लहान, दोन्ही पूर्ण गुणांची. माझ्या चार पदांच्या उत्तरात मी ०-१ घेऊन लगेच १-५ घेतली होती. घर १ दोनदा झाकलं गेलं आणि पुढे ७-६ नंतर ६-२ घेताना ६ चंही तसंच झालं. दुहेरी झाकलेली दोन घरं म्हणजे एक अख्खी जोडी वाया.

तेव्हा आता पुस्तिकेत असं लिहिलंय. एकटे १ असतील तर त्यांच्यापासून सुरू करा. ते संपल्यावर किंवा मुळातच नसतील तर उरलेल्यांपैकी एक घर निवडा, त्याचे दोन्ही पर्याय शेवटपर्यंत वेगवेगळे सोडवा आणि लहान उत्तर ठेवा. पेपरातल्या चार चलांच्या नकाशाला असे दोन-तीन फाटे पुरतात. सहा-सात चलांच्या पुढे फाटे इतके वाढतात की हाताने करण्यात अर्थ नाही, पण तो भाग या अभ्यासक्रमात येत नाही.

कसोटीवर विसंबून मी हे पान तीन दिवसांपूर्वीच छापायला देणार होते. बरं झालं दिलं नाही.

२६ ऑगस्ट

फुल ॲडरचा `Sum` आज एका तासात झाला. `Σm(1,2,4,7)`, बुद्धिबळाच्या पटासारखा. कोणालाच शेजारी नाही, म्हणून एकही गट नाही. के-मॅप लहान करत नाही, असं लिहून `A⊕B⊕C` द्यायचं. मुलं इथे कर्णरेषेत जोड्या करतात. अक्षरं मोजायची सवय लागली असेल तर ती चूक स्वतःच पकडली जाते.

२९ ऑगस्ट

२१ तारखेची नोंद वाचून आमच्या प्रयोगशाळेचे अण्णा म्हणाले, "मॅडम, तुम्ही मधला गट खोडायला सांगता, पण सर्किटमध्ये तो कधी कधी मुद्दाम ठेवतात." मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, हाताने कधी पाहिलं नव्हतं. मग आज पाहिलंच.

चार पदांचं सर्किट नँड-नँड रूपात ब्रेडबोर्डवर लावलं: तीन इनपुटच्या चार नँडसाठी दोन 7410, शेवटच्या चार इनपुटच्या नँडसाठी 7420 आणि उलट इनपुटांसाठी 7404. `A=0`, `B=1`, `D=1` पक्के केले आणि `C` ला फंक्शन जनरेटरचा टीटीएल पल्स दिला. `C` बदलला की आपण ५ आणि ७ या दोन घरांत ये-जा करतो. दोन्हींत १ आहे, म्हणजे आउटपुट कायम १ राहायला हवं.

एका इन्व्हर्टरचा उशीर दहा-एक नॅनोसेकंदांचा, आमच्या ऑसिलोस्कोपवर तो नीट दिसेना. अण्णांनी युक्ती केली. `C'` साठी एकाऐवजी पाच इन्व्हर्टर ओळीने लावले. विषम संख्या असल्याने लॉजिक तेच राहतं, उशीर पाचपट होतो. सहावा इन्व्हर्टर `A'` ला, एका 7404 मध्ये बरोबर बसलं. आता पडद्यावर दिसलं: `C` दर वेळी १ वरून ० वर येताना आउटपुट क्षणभर खाली पडतं. वर जाताना काही होत नाही.

कारण नकाशावरच आहे. ७ हे घर `A'BC` ने धरलंय, ५ हे `A'C'D` ने. `C` खाली येताच `A'BC` लगेच सोडतो, पण `C'` अजून वाटेत असल्याने `A'C'D` ने धरलेलं नसतं. त्या फटीत कोणीच १ धरून नाही. `C` वर जाताना उलट होतं: नवा गट आधी धरतो, जुना नंतर सोडतो, म्हणून फट पडत नाही. ५-७, ७-१५, १५-१३ आणि १३-५ या चारही सीमा अशाच दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या मधे आहेत. आणि या चारही सीमांवरून आडवा पसरलेला एकच गट म्हणजे आपण खोडलेला `BD`.

7420 काढून 7430 लावली, मोकळे इनपुट Vcc ला जोडले, `BD` साठी 7400 मधला एक नँड घेतला. `B` आणि `D` दोन्ही १ असल्याने हे पद `C` कडे पाहतच नाही. खाली पडणारी रेघ पडद्यावरून गेली. `BD` ची वायर काढली की ती परत दिसते, लावली की जाते. अण्णांनी वायर तीनदा काढून लावून दाखवली आणि मी तीनही वेळा तेवढ्याच उत्सुकतेने पाहिलं.

परीक्षेत 'मिनिमाइझ' म्हटलंय तोवर उत्तर चार पदांचंच, `BD` लिहिलं तर गुण जाणार. त्यामुळे पुस्तिकेतल्या उत्तराला हात लावला नाही. त्या पानाच्या उलट्या बाजूला ही जोडणी, आयसींचे पिन क्रमांक आणि 'सोमवारी प्रयोगशाळेत `C` वर पल्स द्या' एवढं लिहिलं. पाच इन्व्हर्टरवालं ब्रेडबोर्ड अण्णांनी न सोडता कपाटात ठेवलंय, पहिली तुकडी सोमवारी सकाळी येईल.